‘सारखे’ आले म्हणजे उपमाच का?

अलंकार ओळखायच्या प्रश्नासाठी मराठी मुलांच्या वहीत एक छोटी यादी हमखास असते. सम, समान, सारखा, प्रमाणे, जसा, परी, वाणी असा शब्द दिसला की उपमा. जणू, जणूकाही, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा. यांपैकी काहीच नाही, पण दोन वस्तू एकच आहेत असे म्हटले आहे, तर रूपक. शाळेच्या वहीपासून स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड मार्गदर्शकांपर्यंत ही यादी थोड्याफार फरकाने तीच असते. परीक्षेत ती बहुतेक वेळा उपयोगीही पडते. प्रश्न काढणारा यादी समोर ठेवूनच ओळ निवडतो, तेव्हा तसे होणारच.

अडचण येते ती कविता कुणी यादी न पाहता लिहिलेली असते तेव्हा. अशा वेळी ओळ नीट वाचणाऱ्या मुलाचे उत्तर चुकीचे ठरते आणि नुसता शब्द शोधणाऱ्याला गुण मिळतो. हे कसे घडते ते पाहण्यासाठी मी चार साध्या ओळी रचल्या आहेत. काव्य म्हणून त्यांची काही मातब्बरी नाही. नमुना म्हणून त्या पुरेशा आहेत.

उन्हात पाणी थकल्यासारखे
विहिरीच्या तळी निजून राहिले,
पोहरा सोडला, दोर ओढला,
ओले आभाळ हाताला लागले.

पहिल्या ओळीतला अलंकार कोणता? ‘सारखे’ आहे, म्हणून दहापैकी आठ मुले उपमा लिहितील. आता त्यांना दुसरा प्रश्न विचारावा : उपमान कोणते? उपमेय पाणी, हे ठीक. पण पाण्याची तुलना कशाशी केली आहे? मुले थोडी थांबतात आणि म्हणतात, थकलेल्या माणसाशी. पण माणूस ओळीत कुठे आहे? तो आपण बाहेरून आणून बसवला. ओळीत आहे ते फक्त ‘थकणे’, आणि ती एक क्रिया आहे. पाणी थकलेले नाही हे कवीला ठाऊक आहे, तरी ते थकले असावे अशी त्याने कल्पना केली आहे. दोन वस्तू शेजारी ठेवून त्यांच्यातले साम्य दाखवले, तर ती उपमा. एकाच वस्तूवर न घडलेली गोष्ट घडली असावी अशी संभावना केली, तर ती उत्प्रेक्षा. तेव्हा पहिल्या ओळीत उत्प्रेक्षा आहे, आणि तीही यादीतल्या उपमेच्या शब्दाने केलेली.

एक छोटा बदल करून पाहावा. ‘थकल्यासारखे पाणी’ याऐवजी ‘थकलेल्या गड्यासारखे पाणी’ असे लिहिले की गडी उभा राहिला, उपमान मिळाले, आणि ओळ उपमेची झाली. ‘सारखे’ दोन्हीकडे तेच आहे. फरक ते कशाला चिकटले आहे त्यात आहे : एकीकडे नामाला, दुसरीकडे धातूपासून झालेल्या ‘थकल्या-’ या रूपाला. मराठीत ‘रुसल्यासारखे ढग’, ‘कुणी हाक मारल्यासारखा वारा’ असे प्रयोग किती सहज होतात ते आठवले म्हणजे ही चूक किती ठिकाणी होत असेल याची कल्पना येईल. (‘ताप आल्यासारखे वाटते’ हेही याच घडणीचे वाक्य. पण तिथे अलंकार नाहीच. बोलणाऱ्याला खरोखरच शंका आहे. डॉक्टरांपुढे कुणी उत्प्रेक्षा करत नाही.)

हा प्रश्न आपल्याला आज पडलेला नाही, आणि तो आधी ज्या ठिकाणी पडला ते मला फार मौजेचे वाटते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकात अंधाराचे एक वर्णन आहे. अंधार जणू अंगांना लेप देतो आहे आणि आकाश जणू काजळ वर्षत आहे, अशा अर्थाचे. संस्कृतात दोन्ही ठिकाणी ‘इव’ हा शब्द आहे, आणि ‘इव’ म्हणजे उपमेचा ठरलेला वाचक. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या दुसऱ्या परिच्छेदात हेच उदाहरण घेतले आणि स्पष्ट सांगितले की, ‘इव’ ऐकून काही जण फसतात आणि हिला उपमा म्हणतात. ही उत्प्रेक्षा आहे. त्याची कारणे दोन. एक, इथे ‘इव’ क्रियापदाला जोडलेला आहे आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही, असे जाणत्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. दुसरे कारण जास्त टोकदार आहे. ‘लेपणे’ हेच उपमान मानले, तर अंधार आणि लेपणे यांच्यात समान धर्म कोणता दाखवणार? लेपणे हाच धर्म म्हणावा, तर धर्म आणि तो धारण करणारा एकच होऊन बसतो.

ही चर्चा संपवताना दंडीने उत्प्रेक्षा सुचवणाऱ्या शब्दांची एक यादी दिली : मन्ये, शंके, ध्रुवम्, प्रायः, नूनम् आणि असे इतर. म्हणजे मला वाटते, शंका येते, खरोखर, बहुधा, निश्चित. आपले ‘गमे, वाटे, भासे’ त्याच कुळातले दिसतात. पण त्याच ठिकाणी त्याने असेही म्हटले की ‘इव’ हाही तसाच एक शब्द आहे, म्हणजे तो उपमेचाही आहे आणि उत्प्रेक्षेचाही. यादी वहीपर्यंत पोचली. शब्द दोघांत सामाईक असतो, ही तिच्याबरोबरची सूचना मात्र वाटेत कुठेतरी गळली.

उलट बाजूनेही यादी फसवते. ‘तुझा आवाज जणू तुझ्या आईचाच’ असे कुणी म्हटले तर ‘जणू’ आहे म्हणून मुले उत्प्रेक्षा लिहितील. पण आई आहे, तिचा आवाज आहे, आणि दोन आवाजांतले साम्यच सांगायचे आहे. माझ्या मते अर्थ उपमेकडे झुकतो. पुढच्या काळातल्या टीकाकारांनी यासाठी एक सोपी कसोटी वापरली : उपमान जगात प्रसिद्ध असेल तर साम्य सांगायचे आहे, ते कवीने कल्पनेनेच घडवले असेल तर संभावना. कसोटी प्रत्येक वेळी निर्णायक ठरत नाही, पण वाचणाऱ्याला शब्दाकडून अर्थाकडे वळवते.

आता त्या चार ओळींतल्या शेवटच्या ओळीकडे येऊ. ‘ओले आभाळ हाताला लागले.’ इथे बरीच मुले रूपक म्हणतील, कारण ‘सारखे’ नाही आणि ‘जणू’ही नाही. पण रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही हजर असावी लागतात. ‘पाणी हेच आभाळ’ असे म्हटले असते तर रूपक. इथे पोहऱ्यात आलेल्या पाण्याचा उल्लेखच नाही. आभाळाने त्याला गिळून टाकले आहे. संस्कृत अलंकारशास्त्रात उपमेय असे गिळले गेले की तो अतिशयोक्तीचा एक प्रकार धरतात. शालेय मराठीत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणे एवढाच अर्थ उरला आहे, त्यामुळे या ओळीला तिथे घरच नाही. दुसऱ्या ओळीतले ‘निजून राहिले’ मात्र मराठी पुस्तकांतल्या चेतनगुणोक्तीत नीट बसते.

इंग्रजीच्या पेपरात हा गुंता आणखी वाढतो. तिथे मुलांना सिमिली आणि मेटॅफर शिकवतात आणि सोयीसाठी सांगतात की सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक. पण सिमिली ही उपमेपेक्षा रुंद आहे. ‘जणू थकले’ अशा संभावनेलाही तिथे बहुधा सिमिलीच म्हणतात. आणि मेटॅफरमध्ये आपले रूपकही येते, उपमेय गिळणारी अतिशयोक्तीही येते. म्हणून विहिरीच्या शेवटच्या ओळीला मेटॅफर म्हणणारा मुलगा इंग्रजीत बरोबर असतो, आणि तेच उत्तर भाषांतरून रूपक असे लिहिले की शास्त्राप्रमाणे चुकतो. दोष मुलाचा नाही. दोन वेगळ्या मापांची फुटपट्टी एकच समजून त्याच्या हाती दिलेली असते.

उपमा आणि रूपक यांतला खरा पेच मात्र समासात आहे. चरणकमळ, मुखचंद्र, संसारसागर. यात साम्यवाचक शब्द नाही, म्हणून यादीप्रमाणे सगळी रूपके. पण ‘चरणकमळ’चा विग्रह दोन तऱ्हांनी होतो : कमळासारखा चरण, किंवा चरण हेच कमळ. पहिल्या विग्रहाला पाणिनीच्या सूत्राचाही आधार आहे. मग ठरवायचे कसे? अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त यावर दिलेले उत्तर आजही परीक्षेच्या हॉलमध्ये चालेल. समासाकडे पाहू नका, वाक्यातली बाकीची गोष्ट दोहोंपैकी कुणाला शोभते ते पाहा. त्याच्या उदाहरणात देवीच्या पादांबुजाला पैंजणांचा नाद आहे. पैंजण पायात असते, कमळात नसते. म्हणजे पाय मुख्य राहिला, कमळ तुलनेपुरते आले, आणि अलंकार उपमा ठरला.

हीच रीत मराठीवर लावू. ‘धुळीने माखलेले चरणकमळ तिने धुतले’ : प्रवासाची धूळ पायांची, धुणे पायांचे, तेव्हा उपमा. ‘त्या चरणकमळी मनाचा भुंगा अडकून पडला’ : भुंगा कमळात अडकतो, पायात नाही, तेव्हा रूपक. ‘मुखचंद्रावरचा घाम पुसला’ यात उपमा आहे. ‘मुखचंद्र उगवताच अंगणातला काळोख सरला’ यात रूपक. अशी दहा वाक्ये मुलांकडून करून घेतली तर यादी पाठ करायला लागतो त्याहून जास्त वेळ लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि ‘मी मुखचंद्र पाहिला’ असे असेल तर? पाहणे मुखालाही लागू, चंद्रालाही. बाजूने सांगणारे काही नाही, विरुद्ध जाणारेही काही नाही. मम्मटाने अशा जागी ओढूनताणून निकाल दिला नाही. दोन अलंकारांचा संशय राहतो तिथे तो संशयच त्याने नोंदवला आणि त्याला संदेहसंकर असे नाव दिले. आपल्याकडे मात्र अशी ओळ चार पर्यायांसह एका गुणाला छापली जाते, आणि उत्तरसूचीत एकच अक्षर असते. ‘पाहिला’च्या जागी ‘पुसला’ किंवा ‘उगवला’ एवढे बदलले असते, तरी तो प्रश्न सोडवता आला असता.