पगार समान, पण पायरी कोणती?

मार्च 2019मध्ये गुगलने आपल्या वार्षिक वेतन-तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या. ‘लेव्हल 4’ या पायरीवरच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांमध्ये कमी रक्कम पुरुषांच्या वाट्याला येणार होती, असं तपासणीत दिसलं होतं. कंपनीने एकूण 10,677 कर्मचाऱ्यांच्या पगारात मिळून 97 लाख डॉलरची भर घातली. त्यात हे पुरुषही होते. बायकांवर अन्याय होतो अशी तक्रार ज्या कंपनीविरुद्ध कोर्टात चालू होती, तिथेच पुरुषांना वाढ मिळाली, म्हणून बातमी जगभर गेली.

हा निष्कर्ष खोटा नव्हता. पण तो एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर होता, आणि तो प्रश्न कोणता हे मथळ्यांत कुठेच आलं नाही.

अशी तपासणी होते कशी, ते आधी पाहू. गुगलमध्ये प्रत्येकाचा पगार आधी एका सूत्राने निघतो. त्या कामाचा बाजारभाव काय, माणूस कोणत्या शहरात आहे आणि त्याच्या कामाचं मूल्यमापन कसं झालं, यावरून आकडा ठरतो. त्यानंतर मॅनेजरला आपल्या अखत्यारीत तो थोडा वरखाली करता येतो. तफावत शिरायला इथे वाव असतो. म्हणून वाढ लागू होण्याआधी संख्याशास्त्रज्ञ एकाच प्रकारचं, एकाच पायरीवरचं काम करणाऱ्यांचे गट पाडतात आणि रिग्रेशन नावाची पद्धत वापरतात. पगारातला फरक शहरामुळे किती, मूल्यमापनामुळे किती, हे वजा करत गेल्यावर जो फरक शिल्लक राहतो आणि निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, तो स्त्री-पुरुष भेदाशी जुळतो का हे तपासलं जातं. जुळला तर पगार वाढवतात. कुणाचा कमी करून बरोबरी साधत नाहीत.

गट फार लहान असून चालत नाही. चार माणसांत एकाला जास्त पगार मिळाला तर त्याची कारणं वैयक्तिक असू शकतात. गुगलने त्या वर्षी गटात किमान 30 माणसं आणि तुलनेच्या प्रत्येक बाजूला किमान 5 अशी अट ठेवली होती. त्यामुळे सुमारे 91 टक्के कर्मचारी तपासणीत आले. उरलेले कोण, हेही विचारायला हवं. कोणत्याही कंपनीत सगळ्यात लहान गट वरच्या खुर्च्यांवर असतात, आणि तिथे पाच बायका मिळणंच अनेकदा अवघड असतं.

व्यवस्थापनापुढे जाणाऱ्या अहवालात खरी गडबड होते ती आकडा निवडताना. एक कल्पित कंपनी घेऊ. तिथे 100 पुरुष आहेत, 50 कनिष्ठ आणि 50 वरिष्ठ. बायका 60 आहेत, त्यातल्या 48 कनिष्ठ आणि 12 वरिष्ठ. कनिष्ठ पुरुषाला महिना 40 हजार मिळतात, कनिष्ठ बाईला 39 हजार. वरिष्ठ पुरुषाला 90 हजार, वरिष्ठ बाईला 88 हजार. एकाच पायरीवर तुलना केली तर फरक जेमतेम अडीच टक्के निघतो. सरसकट सरासरी काढली तर पुरुषांचे 65 हजार येतात आणि बायकांचे 48,800. हा फरक 25 टक्के झाला.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. आता दुरुस्ती करून पाहू. सगळ्या बायकांना पुरुषांइतका पगार दिला, तर महिन्याला 72 हजार रुपये जास्त लागतील. 160 माणसांच्या कंपनीला ही रक्कम झेपण्यासारखी आहे. संचालक मंडळ ती लगेच मंजूर करेल आणि ‘तफावत शून्य’ असं पत्रक निघेल. पण बायकांची सरासरी 50 हजारांवरच येऊन थांबेल आणि सरसकट फरक 25 टक्क्यांवरून फक्त 23 टक्क्यांवर उतरेल. कारण मोठा फरक पगाराच्या तक्त्यात नव्हताच. कोणाला कोणत्या पायरीवर बसवलं, यात तो होता.

गुगलविरुद्धचा दावा नेमका याच जागी बोट ठेवत होता. 2010 साली रुजू झालेल्या केली एलिस यांचं म्हणणं असं, की त्यांना चार वर्षांचा अनुभव असूनही लेव्हल 3वर घेतलं गेलं. काही आठवड्यांनी आलेल्या, त्यांच्याच वर्षी पदवीधर झालेल्या पुरुषाला मात्र लेव्हल 4 मिळाली. लेव्हल 3वरच्या बाईची तुलना लेव्हल 3वरच्या पुरुषाशी केली तर अशी तक्रार कोणत्याही तपासणीत सापडणार नाही. तिची तुलना ज्याच्याशी व्हायला हवी, तो दुसऱ्याच गटात मोजला जातो. गुगलने आरोप मान्य केला नाही. पण 2022मध्ये 11 कोटी 80 लाख डॉलर देऊन, सुमारे 15,500 महिलांच्या वतीने चाललेला हा दावा मिटवला. नोकरीत घेताना पायरी कशी ठरते, हे बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचंही कबूल केलं.

गट पाडण्याच्या या प्रश्नाचा निवाडा मुंबईतल्या एका खटल्यात कितीतरी आधी झाला होता. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत लेडी स्टेनोग्राफर म्हणून काम करणाऱ्या ऑड्रे डिकोस्टा यांनी, पुरुष स्टेनोंपेक्षा आपल्याला कमी पगार मिळाला, अशी दाद 1976च्या समान वेतन कायद्याखाली मागितली. कंपनीचं म्हणणं होतं की वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या या ‘कॉन्फिडेन्शियल’ स्टेनो वेगळ्या वर्गातल्या आहेत, शिवाय युनियनशी तसा करार झाला आहे. 1987मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. पदाला नाव काय दिलं हे न पाहता प्रत्यक्ष काम सारखं आहे का हे न्यायालयाने पाहिलं, आणि पैसे नाहीत ही सबबही चालणार नाही, असं सांगितलं.

म्हणून दुरुस्तीचा प्रस्ताव फरकाची रक्कम देऊन संपत नाही. गुगलच्या त्या वर्षीच्या रकमेतली जवळपास निम्मी नव्या माणसांच्या ऑफरमधला फरक भरण्यात गेली, याचा अर्थ तफावत दारातच तयार होत होती. ऑफर देताना मागचा पगार विचारला की आधीच्या नोकरीतला अन्याय नव्या नोकरीत येतो. कॅलिफोर्नियाने जानेवारी 2018पासून हा प्रश्न विचारायलाच बंदी घातली. मूल्यमापनाचे गुणही डोळे झाकून वजा करता येत नाहीत. बाळंतपणाच्या रजेच्या वर्षी जर कमी गुण मिळत असतील, तर ते गुण फरकाचं कारण म्हणून दाखवणं म्हणजे भेदभावाला पुरावा मानणं होय.

आपल्या कंपनीत असा अहवाल येईल तेव्हा वाचकांनी एचआरकडे दोन आकडे मागावेत, पायरी धरून निघालेला आणि पायरी न धरता निघालेला. आणि त्या दोघांत मोठं अंतर असेल, तर गेल्या तीन वर्षांत नोकरीत घेतलेल्यांचा अनुभव आणि त्यांना मिळालेली पायरी यांचा तक्ताही मागावा.