गल्ल्यातली चिठ्ठी

कर्जतच्या बाजारपेठेत हार्डवेअरचे एक दुकान आहे असे समजू. नळजोडणीचे साहित्य, रंग, पत्रे, कुलपे, खिळे. गिऱ्हाईक कशेळे, कडाव, नेरळकडच्या फार्महाऊसवाल्यांचे आणि त्यांच्या ठेकेदारांचे. माल नागदेवी स्ट्रीटवरून येतो. घरात आजी, बाबा, आई, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. कुटुंब कल्पित आहे. हिशोब मात्र अशा अनेक दुकानांच्या वह्यांत सापडेल तसाच आहे आणि तोच येथे सांगायचा आहे.

जून २०२३. पावसाळा तोंडावर आलेला, बांधकामे थांबत चाललेली. त्रेसष्ट वर्षांच्या बाबांच्या छातीत मध्यरात्री कळ आली. गाडी पनवेलच्या दिशेने धावली. पुढे बायपास, मग जंतुसंसर्ग, एकूण तेवीस दिवस. इस्पितळाचे बिल आणि बाहेरची औषधे, जाणे-येणे, राहणे धरून खर्च झाला ८,६०,००० रुपये. आरोग्य विमा नव्हता. शिधापत्रिका पांढरी, त्यामुळे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे दार त्या वेळी या घरासाठी बंद होते.

पैसा असा उभा राहिला. बचत खात्यातले १,१०,०००. मोडलेली मुदत ठेव ४,००,०००. खोपोलीच्या मामांकडून १,००,०००, तेही धनादेशाने, कारण वीस हजार वा त्याहून अधिक हातउसने रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि मामा या बाबतीत काटेकोर. उरलेले २,५०,००० मुलाने दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून काढले. पतपेढीतही दीड लाखाची ठेव होती, पण ती फेब्रुवारीत पिकणार होती आणि मुदतीपूर्वी रक्कम देण्यास पतपेढी तयार झाली नाही.

ठेव मोडल्याचे आईला फार दुःख झाले. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. ठेवीवर कर्ज काढणे परवडते ते पैसे दोन-चार महिन्यांत परत येणार असतील तर. येथे ते येणार नव्हते. खरी इजा झाली ती कॅश क्रेडिटमधून काढलेल्या अडीच लाखांनी, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

कॅश क्रेडिट हे मालावर दिलेले कर्ज असते. दुकानातील माल, त्यात नव्वद दिवसांच्या आतली उधारी मिळवायची, व्यापाऱ्यांचे देणे वजा करायचे, आणि येणाऱ्या रकमेच्या साधारण पाऊणपट पैसे बँक वापरू देते. या आकड्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. मंजूर मर्यादा आठ लाखांची असली तरी प्रत्यक्षात हाच आकडा चालतो. मे महिन्यात माल ९,६०,०००, ताजी उधारी १,६०,००० आणि देणे १,२०,००० होते. म्हणजे दहा लाखांच्या पाऊणपट, साडेसात लाख. खात्यावर कर्ज पाच लाख. त्यात अडीच लाखांची भर पडली आणि खाते काठोकाठ भरले.

माल आणण्यासाठी काढलेला पैसा माल होऊन दुकानात परततो, विकला की खात्यात जमा होतो. इस्पितळात गेलेला पैसा असा परतत नाही. दीड महिना दुकान अर्धवेळ उघडे होते. जे विकले गेले त्याचे पैसे पगार, घरखर्च आणि औषधांत संपले, नवा माल आला नाही. जुलैअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल आठ लाख, ताजी उधारी १,२०,००० आणि देणेही १,२०,००० निघाले. ड्रॉइंग पॉवर उतरली सहा लाखांवर, कर्ज साडेसात लाखांवरच. दीड लाख जास्तीचे. शाखाधिकाऱ्यांनी मुलाला बोलावून शांतपणे सांगितले, ‘ही स्थिती सलग नव्वद दिवस राहिली तर खाते अनुत्पादित होईल. मग आमच्याही हातात काही राहणार नाही.’

मुलगा घरी येऊन म्हणाला, ‘अडीच लाखांचे व्याज महिन्याला तेवीसशे. एवढ्याने दुकान कसे बसेल?’ उत्तर सुनेने खरेदीची बिले चाळून दिले. पूर्वी रोखीने घेतलेल्या मालावर दोन टक्के सूट मिळत असे. महिन्याच्या सव्वातीन लाखांच्या खरेदीवर ती साडेसहा हजार होते. आता माल उधारीवर येत होता आणि सूट बंद झाली होती. व्याज दिसत होते, कारण बँक ते नावे टाकते. न मिळालेली सूट कोणत्याही खात्यात दिसत नाही. ती व्याजाच्या जवळजवळ तिप्पट होती.

त्या रात्री सुनेने आणखी एक प्रश्न विचारला. ‘बाबा, घरात महिन्याला किती पैसे येतात?’

बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. ‘येतात म्हणजे? लागतील तेवढे गल्ल्यातून घेतो. पंचवीस हजार होत असतील.’

‘कुठे लिहिलेले आहे का?’

‘आपल्या गल्ल्यातून आपणच घ्यायचे आणि चिठ्ठी लिहायची? आमच्या वडिलांनी कधी लिहिली नाही.’

आजी जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘तुझे वडील लिहीत होते. लाल बासनातली घरखर्चाची वही तूच बंद केलीस.’ बाबा काही बोलले नाहीत.

ऑगस्टपासून गल्ल्यात चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला गेला. जो पैसे उचलेल त्याने तारीख, रक्कम आणि कारण लिहायचे. पहिल्या आठवड्यात मुलगाच दोनदा विसरला, आणि रात्री रोजमेळ जुळेना तेव्हा त्याला ते उमगले. ऑक्टोबरअखेर तीन महिन्यांची सरासरी निघाली ४६,००० रुपये. जेवणखाण, दूध, वीज यांत २२,०००, शाळा ८,०००, पेट्रोल आणि मोबाईल ६,०००, लग्नाकार्याचे व्यवहार, यात्रा आणि दान मिळून १०,०००. दुकानाची सरासरी विक्री चार लाख, त्यावर सोळा टक्क्यांनी ६४,००० सुटतात. भाडे, पगार, वीज, व्याज यांचे २३,००० वजा जाता राहतात ४१,०००. घर दरमहा पाच हजार भांडवलातून खात होते, आजारपणाच्या आधीपासून. व्यापाऱ्यांचे देणे वाढवून हे भगदाड झाकले जात असे, म्हणून कोणाला जाणवले नाही. आपल्या दुकानात असे आहे का हे ओळखायचे असेल तर दोन दिवाळ्यांचे आकडे शेजारी ठेवावेत. विक्री तेवढीच, माल तेवढाच आणि देणे मात्र वाढलेले असेल, तर घर भांडवलावर चालले आहे.

बँकेचे नव्वद दिवस मात्र थांबणार नव्हते. मुलाने प्रथम जुनी उधारी काढली. ठेकेदारांकडे नव्वद दिवसांपलीकडचे २,१०,००० अडकले होते. बँक ही उधारी हिशोबात धरत नाही, म्हणून तिच्यातून आलेला प्रत्येक रुपया ड्रॉइंग पॉवर न घटवता कर्ज घटवतो. थोडी सूट देऊन, दोघा ठेकेदारांच्या घरी रविवारी सकाळी जाऊन, १,३०,००० हाती आले आणि थेट कर्ज खात्यात भरले गेले. कर्ज ६,२०,०००. अजून वीस हजार जास्तीचे.

मुलाला वाटले, वीस हजारांचा पडून असलेला माल विकला की झाले. तसे होत नाही. माल विकला की कर्ज उतरते, पण ड्रॉइंग पॉवरही पाऊणपट उतरते. वीस हजारांचे अंतर बुजवायला ऐंशी हजारांचा माल काढावा लागला. जुन्या रंगांचे डबे आणि चलनातून गेलेले नळ खरेदीच्या भावाने दिले. कर्ज ५,४०,०००, ड्रॉइंग पॉवरही ५,४०,०००. ऑक्टोबर संपण्याआधी खाते नियमित झाले.

दिवाळीच्या वहीपूजनाला घरखर्चाची वही पुन्हा सुरू झाली. दर महिन्याच्या एक तारखेला दुकानाच्या खात्यातून आईच्या बचत खात्यात ३४,००० जातील, त्यापलीकडे गल्ल्याला हात नाही, असे ठरले. जेवणखाणाचे अठरा, शाळेचे आठ, पेट्रोलचे चार आणि व्यवहार-दानाचे चार. शेवटच्या आकड्यावर वाद झाला. आईंचे म्हणणे, दान कमी करायचे नाही. अखेर दानाला हात लागला नाही, लग्नातली पाकिटे लहान झाली आणि त्या वर्षीची यात्रा पुढे गेली. चढाव्यात बोललेली रक्कम मात्र त्याच दिवशी वहीत देणे म्हणून लिहायची, असा नियम सुनेने घातला. बोललेला पैसा हा गेलेलाच पैसा असतो. वाचलेल्या ७,००० पैकी ५,००० दरमहा मामांना, २,००० विम्यासाठी.

विमा जानेवारी २०२४ मध्ये घेतला. मुलगा, सून आणि नातवंडे यांचा एकत्र पाच लाखांचा, आईंचा वेगळा तीन लाखांचा, मिळून वार्षिक हप्ता तेहतीस हजारांच्या घरात. हिवाळ्यात बांधकामे सुरू झाली, काही खरेदी पुन्हा रोखीने होऊ लागली आणि हप्त्याची उरलेली रक्कम त्या सुटीतून निघाली. बाबांना पॉलिसी देण्यास दोन कंपन्यांनी नकार दिला. शस्त्रक्रियेनंतर विमा शोधणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा हेच येते. जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. ती फक्त योजनेतल्या इस्पितळांत आणि ठरावीक उपचारांना चालते, म्हणून सुनेने पनवेल परिसरातली तशी इस्पितळे शोधून नावे वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवली. आजी सत्तरीच्या पलीकडच्या, त्यामुळे त्यांचे आयुष्मान कार्डही काढून घेतले. त्याला उत्पन्नाची अट नाही.

फेब्रुवारीत पतपेढीची ठेव पिकली. ती तेथेच ठेवा, व्याज अर्धा टक्का जास्त आहे, असे बाबांचे मत पडले. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतपेढीच्या ठेवीला ते नसते. त्याहून मोठी गोष्ट, गरजेच्या दिवशी ती मिळाली नव्हती. दीड लाखाच्या पन्नास-पन्नास हजारांच्या तीन ठेवी बँकेत केल्या, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. त्या आईंच्या नावावर आहेत आणि दुकानाच्या ताळेबंदात त्यांचा उल्लेख नाही.

जून २०२५ मध्ये मामांचा शेवटचा हप्ता गेला. पुढच्याच महिन्यात आईंच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावा लागला. पॉलिसीला दीडच वर्ष झालेले, मोतीबिंदूला दोन वर्षांची प्रतीक्षा, त्यामुळे दावा बसत नव्हता. खर्च ३८,०००. एक ठेव मोडली गेली. मामांचे पाच हजार आता मोकळे झाले होते, ते दरमहा नव्या आवर्त ठेवीत जाऊ लागले. दुकानाच्या रोजमेळात त्या दिवशी फक्त विक्री आणि खरेदी होती. गल्ल्यात एक चिठ्ठी होती, बाबांच्या अक्षरातली: ‘रिक्षा, दवाखाना, ६० रुपये.’