वडिलांच्या ठेवीतले सात लाख

वडिलांची मुदत ठेव मोडून खात्यावर सात लाख रुपये आले, की दोन दिवसांत घरात चार मतं तयार होतात. कुणाला सोनं घ्यावंसं वाटतं, कुणाला गाडी, कुणी म्हणतं सगळं घराच्या कर्जात टाका. त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. ठेवीवर नॉमिनी म्हणून तुमचं नाव असलं, तरी त्या पैशावर एकट्या तुमचीच मालकी असते असं नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आई आणि सगळी भावंडं, विवाहित बहिणीसुद्धा, सारख्या हिश्शाची वारस आहेत. ते मिटल्यावर तुमच्या वाट्याला जे येईल, तेवढंच तुमचं धरा. भारतात वारसाकर नाही, त्यामुळे ही रक्कम पूर्ण हातात पडते. बोनसचं तसं नसतं. तो पगारातच मोजला जातो, म्हणून कर कापून जे उरेल त्याचीच वाटणी करायची.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. महिन्याचा खर्च ३५ हजार, बचत खात्यात ४० हजार. क्रेडिट कार्डाचे ६० हजार थकलेले, वैयक्तिक कर्जाचे दोन लाख बाकी, आणि गृहकर्जाचे १८ लाख. वाट्याला आलेले सात लाख.

सुरुवात कार्डापासून. थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,१०० रुपये, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे ३७८. या घरातले लोक दर महिन्याला किमान रक्कम, म्हणजे तीन हजार, इमानेइतबारे भरतात. त्यातून मुद्दल फिटते जेमतेम ५२२ रुपये. अशी बाकी अंगावर ठेवून सात टक्क्यांची ठेव करणं हा सरळ तोटा आहे. ६० हजार आजच भरावेत. मात्र व्याज रोजच्या रोज चढतं, त्यामुळे पुढच्या बिलात थोडी बाकी पुन्हा दिसेल. तीही फेडा आणि बाकी शून्य झाल्याचं बिल पाहूनच विषय संपवा.

वैयक्तिक कर्जावर १५ टक्के व्याज आहे आणि तीन वर्षं उरली आहेत. हप्ता सुमारे ६,९००. हप्ते तसेच चालू ठेवले तर व्याजापोटी जवळजवळ ५० हजार जातील. मुदतीआधी फेडायला बँक चार टक्के शुल्क लावत असेल, तर जीएसटी धरून साडेनऊ हजार होतात. म्हणजे ४० हजार वाचतात, तेव्हा फेडावंच. पाच-सहा हप्तेच उरले असते तर मात्र शुल्क व्याजापेक्षा जड झालं असतं. कर्ज फिटल्यावर कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात घ्यावं, आणि एक-दोन महिन्यांनी सिबिलच्या अहवालात ते बंद दिसतंय ना, हेही तपासावं.

इथवर दोन लाख सत्तर हजार गेले. अनेक जण यानंतर उरलेलं सगळं गृहकर्जात ओततात, आणि मला तिथेच धोका दिसतो. घरात पैसा नसताना नोकरी गेली किंवा कुणी दवाखान्यात दाखल झालं, तर तेच कार्ड पुन्हा बाहेर निघतं. गृहकर्जात भरलेला पैसा बँक सहसा परत काढू देत नाही. म्हणून आधी एक लाख सत्तर हजार बाजूला काढू. बचतीतले ४० हजार मिळून सहा महिन्यांचा खर्च होतो. हे पैसे लगेच मोडता येईल अशा ठेवीत ठेवावेत. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत पाच लाखांपर्यंत असतं, त्यात ते सहज बसतात.

६० हजार घरच्यांसाठी काढू. आईला तीर्थयात्रा, मुलीला सायकल, गळक्या गच्चीची दुरुस्ती, जे काय ठरेल ते. हा आकडा आधीच ठरवून टाकलेला बरा. तो ठरला नाही, तर खर्च हळूहळू ठेवीत शिरतो.

उरलेले दोन लाख गृहकर्जात. व्याजदर बदलता असेल तर बँकेला यावर दंड लावता येत नाही. कर्ज साडेआठ टक्क्यांचं, १२ वर्षं उरलेली, हप्ता सुमारे २० हजार. पैसे भरताना हप्ता कमी करायचा की मुदत, हे बँकेला लेखी सांगावं लागतं, आणि सगळा फरक तिथेच पडतो. हप्ता कमी केला तर १२ वर्षांत व्याजाचे सुमारे एक लाख वीस हजार वाचतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर २५ हप्ते गळतात आणि तीन लाखांहून अधिक व्याज वाचतं. हप्ता झेपत असेल तर मुदतच कमी करून घ्यावी, आणि हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागून शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी.

कार्ड आणि वैयक्तिक कर्ज मिळून दर महिन्याला जवळजवळ दहा हजार आता मोकळे झाले आहेत. हे पैसे किराण्यात आणि ऑनलाइन खरेदीत कधी विरघळतात ते कळतही नाही. ते खात्यात नुसते पडू न देता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आवर्ती ठेवीत वळते होतील, अशी सूचना त्याच आठवड्यात बँकेला देऊन ठेवावी.