ऑफर लेटरला उत्तर देताना

ऑफर लेटरचा फोटो हाती आला, की आधी त्यातले आकडे नीट वाचून ईमेलमध्ये टाइप करावेत. फोटोत 3 चा 8 सहज दिसतो. समजा, सीटीसी 9,00,000 रुपये आहे. त्यातून 90,000 चा व्हेरिएबल पे आणि कंपनीच्या वाट्याचा 54,000 पीएफ वजा केला, तर दरमहा 63,000 उरतात. त्यातूनही स्वतःचा पीएफ व कर कापला जातो. म्हणून वाढ सीटीसीत नव्हे, निश्चित पगारात मागावी. रुजू होण्याची मुदत 30 दिवस आणि सध्याचा नोटीस पिरियड 60 दिवस असेल, तर नेमकी तारीख सुचवावी किंवा नोटीस बायआउटचा खर्च कोण देणार, हे विचारावे. सुधारित पत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये.