डावीकडचं ऊन, उजवीकडची सावली

डिसेंबरातल्या दुपारी चारच्या सुमारास पुण्याहून एक्सप्रेसवेने मुंबईकडे निघालं, की ऊन गाडीच्या डाव्या काचेतून आत येतं. गाडीचं तोंड वायव्येकडे असतं आणि सूर्य नैर्ऋत्येला कललेला असतो. चालवणारा मुलगा सावलीत बसतो. शेजारी बसलेल्या आईच्या हातावर, मांडीवर मात्र ऊन पडत राहतं. स्क्रीनवर दोन्ही बाजूंना २४ अंश दिसतात, तरी यंत्रणा नीट चालत असेल तर डावीकडच्या व्हेंटमधून येणारी हवा उजवीकडच्यापेक्षा थंड असते. आकडा एकच आणि हवा वेगळी, आणि ते अगदी बरोबर आहे.

कारण तो २४चा आकडा व्हेंटमधून येणाऱ्या हवेचा नसतोच. माणूस बसतो तिथे काय हवं आहे, एवढंच तो सांगतो. ते साधण्यासाठी किती थंड हवा सोडायची, हे गाडीतला संगणक सतत मोजत असतो. तो तुमचा आकडा घेतो, आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि ऊन यांचा हिशेब करतो आणि व्हेंटच्या हवेचं तापमान ठरवतो. या हिशेबात तुमच्या आकड्याला मोठं वजन असतं. तुम्ही एका अंशाने खाली आलात की व्हेंटमधली हवा कित्येक अंशांनी थंड होऊ शकते. म्हणून ऑटोवर चालणाऱ्या एसीचा आकडा एकदम चार-पाच अंशांनी ओढू नये. एक अंश कमी करावा आणि थोडा वेळ द्यावा.

‘ड्युअल झोन’ म्हटल्यावर अनेकांना वाटतं की गाडीत दोन एसी आहेत. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. कूलिंग कॉइल एकच, ब्लोअरही एकच. सगळी हवा आधी त्या कॉइलवरून जाऊन गार होते. पुढे तिच्या दोन वाटा होतात आणि प्रत्येक वाटेवर एक फ्लॅप असतो. छोट्या मोटरवर फिरणारा हा फ्लॅप किती हवा हीटर कॉइलवरून न्यायची ते ठरवतो. हीटर कॉइलमध्ये इंजिनचं गरम कूलंट फिरत असतं. म्हणजे आईने २६ लावले आणि मुलाने २२, तर आईच्या बाजूची हवा गार करून पुन्हा थोडी गरम केली जाते. दोन सीटच्या मध्ये भिंत नसल्यामुळे ही हवा एकमेकींत मिसळतेही. त्यामुळे एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला २८ ठेवून आकड्यांतला फरक जसाच्या तसा अंगाला जाणवेल, अशी अपेक्षा धरू नये.

आता सेन्सरांकडे येऊ. उन्हाचा सेन्सर डॅशबोर्डच्या वर, पुढच्या काचेजवळ असतो: बोटाच्या पेराएवढा काळा, गुळगुळीत उंचवटा. ड्युअल झोनच्या अनेक गाड्यांत त्याच्या आत दोन भाग असतात आणि डावीकडच्या व उजवीकडच्या उन्हाची नोंद ते वेगवेगळी करतात. आईच्या बाजूला जास्त गार हवा कशी गेली, याचं उत्तर इथे आहे.

आणि सर्वात जास्त घोटाळाही इथेच होतो. गाडी घेतली की डॅशबोर्डवर गणपती बसतो, ऊन लागू नये म्हणून मखमली मॅट अंथरली जाते, पावत्या काचेपाशी साचतात. यातलं काहीही त्या काळ्या उंचवट्यावर आलं किंवा त्याची सावली तिथे पडली, की यंत्रणेच्या लेखी ऊन नाहीच. मग त्याच प्रवासात काय होतं पाहा. आईला उकडतं, पण संगणक दोन्हीकडे सारखीच हवा देत राहतो. आई म्हणते, “अरे, तुझा एसी माझ्याकडे चालतच नाही.” मुलगा तिच्या बाजूला २० लावतो. तासाभराने पनवेल येतं, ऊन उतरलेलं असतं, आकडा मात्र २०वरच राहतो आणि आई शाल शोधू लागते. दोष ना आईचा, ना एसीचा. गणपती चार बोटं बाजूला सरकवला किंवा मॅटला त्या जागी भोक पाडलं की काम होतं.

आतल्या हवेचा सेन्सर सहसा स्टिअरिंगच्या जवळ, डॅशबोर्डवरच्या नखाएवढ्या जाळीमागे असतो. जाळीमागची हवा कोंडलेली राहिली तर सेन्सरला डॅशबोर्डच्या प्लास्टिकचंच तापमान कळेल. म्हणून एखादा बारीक पंखा किंवा ब्लोअरला जोडलेली नळी केबिनमधली हवा तिथून सतत ओढत असते. व्हेंट वळवून गार झोत या जाळीवर सोडला, तर सेन्सरला वाटतं की केबिन गार झाली. ब्लोअर मंदावतो आणि मागे बसलेले घामाघूम होतात. धुळीने जाळी बुजली की उलट होतं: तापलेल्या प्लास्टिकचीच नोंद जात राहते आणि एसी गरजेपेक्षा जास्त चालतो.

ही जाळी घरी तपासता येते. एसी ऑटोवर ठेवा, टिश्यू पेपरचा नाण्याएवढा तुकडा फाडा, त्याचा एकच पदर घ्या आणि जाळीला लावून हात सोडा. कागद चिकटून राहिला तर हवा ओढली जाते आहे. गळून पडला तर जाळी बुजली आहे, नळी निसटली आहे किंवा पंखा बंद आहे. काही गाड्यांत हवा न ओढणारा सेन्सर असतो, तिथे ही चाचणी लागू नाही.

तिसरा सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे बसून बाहेरची हवा मोजतो. सिग्नलला उभं राहिल्यावर त्याला इंजिनची आणि डांबराची धग लागते. म्हणून गाडी थांबलेली किंवा फार हळू असताना अनेक गाड्यांचा संगणक वाढलेला आकडा लगेच मानत नाही. वेग आल्यावरच नवी नोंद घेतो. बाहेरचं तापमान काही मिनिटं चुकीचं दिसलं म्हणून सेन्सर बदलायची घाई करू नये.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर LO लावायची सवय तर घरोघरी आहे. आतलं तापमान ५०च्या घरात असेल, तर २४ अंशांसाठी संगणकाच्या हिशेबाने व्हेंटची हवा शून्याच्याही खाली हवी असते. ती शक्य नाही, म्हणून तो फ्लॅप पूर्ण गारकडे नेतो आणि ब्लोअर जोरात सोडतो. १८ लावले तरी तो याहून वेगळं काही करू शकत नाही. LO वर मात्र बहुतेक गाड्यांत नियंत्रणच थांबतं आणि गाडी गार झाल्यावरही गारठा चालूच राहतो. त्यापेक्षा मिनिटभर काचा उघड्या ठेवून कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी, मग काचा लावून २४वर ऑटो करावं. ब्लोअरच्या आवाजाला कंटाळून बटणाने त्याचा वेग कमी केला, तर ऑटो तेवढ्यापुरतं सुटतं आणि गाडी गार व्हायला जास्त वेळ लागतो.

हे सगळं नीट असूनही, दोन्हीकडे सारखाच आकडा आणि ऊन नसताना एक बाजू कोमट राहत असेल, तर गॅरेजमध्ये जावं लागेल. डॅशबोर्डमागून टकटक आवाज येत असेल तर फ्लॅपच्या मोटरचे दाते झिजले असण्याची शक्यता मोठी. आवाज नसेल तर आधी गॅसचा दाब बघायला सांगा. गॅस कमी झाला की कूलिंग कॉइल सगळीकडे सारखी गार होत नाही, आणि ड्युअल झोनच्या गाडीत ते एका बाजूच्या कोमट हवेतून दिसतं. हे न पाहता डॅशबोर्ड उतरवला, तर मजुरी फुकट जाते. उन्हाच्या सेन्सरचा दोष स्कॅनरवर दिसला, तर गाडी उन्हात उभी करून पुन्हा तपासायला सांगा. काही गाड्या शेडच्या अंधारातही तो दोष दाखवतात, आणि उन्हात तो आपोआप निघून जातो.