रसातली साखर हरवते कुठे?

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात चरकाखाली उतरणारा रस गढूळ आणि थोडा आंबट असतो. त्याचा सामू साधारण ५.२ ते ५.५ भरतो. हा आंबटपणाच साखरेचा खरा वैरी. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की सुक्रोज फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. गोडी राहते, पण या शर्करा सहजी दाणा धरत नाहीत आणि हवेतला ओलावा ओढतात. पावसाळ्यात पाघळणाऱ्या ढेपेत बहुधा यांचेच प्रमाण जास्त असते.

नासाडीची सुरुवात मात्र फडातच होते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली विकरे सुक्रोज फोडू लागतात. कापलेल्या टोकांतून शिरलेले ल्यूकोनॉस्टॉक जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस नीट निवळत नाही आणि कारखान्यात साखरेचे दाणे लांबुडके होतात. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळलेला बरा.

काहिलीतला रस तापू लागला की गुळव्या त्यात रानभेंडीच्या खोडाचे बुळबुळीत पाणी आणि चुन्याची निवळी घालतो. चुना आंबटपणा मारतो. भेंडीचा चिकटा गोठलेली प्रथिने आणि बारीक गाळ धरून वर आणतो. ही मळी जोराची उकळी फुटण्याआधीच काढायला हवी, नाहीतर ती फुटून पुन्हा रसात मिसळते आणि गूळ मळकट होतो. चुना जास्त झाला तरी नुकसानच, कारण अल्कलीत ग्लुकोज-फ्रुक्टोज विघटित होऊन गूळ काळपट पडतो.

कारखान्यात हेच काम चुना आणि गंधकाच्या धुराने होते. दोन्हींच्या संयोगातून कॅल्शियम सल्फाइटचा साका बनतो आणि गाळ घेऊन तळाशी बसतो. इथे सामू ७ च्या आसपास राखावा लागतो.

पुढे वाटा वेगळ्या होतात. गुळाचा पाक उघड्या काहिलीत ११८ अंशांपर्यंत चढवतात आणि वाफ्यात ओतून सगळाच थिजवतात. त्यात मळी वेगळी निघत नाही. कारखान्यात पाक निर्वात भांड्यात सुमारे ६० ते ७० अंशांनाच उकळतो, त्यामुळे साखर करपत नाही. पाक अतिसंपृक्त झाला की साखरेचे बारीक बीज सोडून तेच दाणे वाढवतात. घाई करून संपृक्तता फार वाढवली तर नको तिथे नवे बारीक दाणे जन्मतात. ते यंत्राच्या जाळीतून निसटून मळीत जातात.

हिशोब मांडून पाहू. शंभर किलो उसात १३ किलो साखर असेल, तर पोत्यात साधारण ११ किलो पडते. उरलेल्या दोन किलोंपैकी जवळपास अर्धा किलो चिपाडात राहते आणि प्रेसमडमध्ये अगदी थोडी जाते. सगळ्यात मोठा वाटा, किलोहून थोडा अधिक, मळीत जातो. बाकीचा हिस्सा कोणत्याच मोजणीत सापडत नाही. तो बहुतेक चरकाच्या पन्हाळीत जिवाणूंनी खाल्लेला आणि तापलेल्या आंबट रसात फुटलेला असतो. रस बाष्पीभवनात शिरण्याआधी आणि नंतर सुक्रोजच्या तुलनेत ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढले का, हे तपासले की त्याचा माग लागतो.