खालचा मोकळा मजला: किल्लारीनंतरची तीन दशके आणि आदिलाबाद

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा लातूरचा तो भाग भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. माणसे मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. म्हणून त्यानंतरची चर्चा भिंतीतले जोडदगड, बांधपट्टी, हलके छप्पर यांभोवती राहिली, आणि ते योग्यच होते. पुढे 2002 मध्ये भारतीय मानक 1893 च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि तो भाग दुसऱ्यात मिसळला. 2016 च्या मानकानुसार आदिलाबाद जिल्हा त्याच दुसऱ्या क्षेत्रात मोडतो. मधल्या काळात मात्र गावातली बांधणी बदलली. जैनद, बेला या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यापासून आदिलाबाद शहरापर्यंत सिमेंटचे कॉलम आणि स्लॅब आले, आणि त्यांच्यासोबत खाली गाळे किंवा पार्किंग, वर राहणे हा आराखडाही आला. किल्लारीचा धडा या घराला पुरत नाही. त्याचा धडा 26 जानेवारी 2001 ला अहमदाबादेत मिळाला. भूजच्या भूकंपाचे केंद्र तिथून सुमारे 250 किलोमीटर दूर असूनही, खालचा मजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या.

हे का होते, ते दोन मजल्यांची तुलना केली की उमगते. वरच्या मजल्यांत कॉलमांच्या मध्ये विटांच्या भिंती असतात. हिशेबात त्या नुसते ओझे धरल्या जात असल्या, तरी प्रत्यक्षात त्या चौकटीला आडव्या हालचालीत घट्ट धरतात. खाली भिंती नसतात, शिवाय दुकानासाठी उंची वाढवलेली असते. कॉलमचा आडवा ताठरपणा उंचीच्या घनानुसार घटतो. तोच कॉलम 3 मीटरऐवजी 4 मीटर उंच केला, तर 27 भागिले 64, म्हणजे मूळच्या अवघा 42 टक्के ताठरपणा उरतो. म्हणजे भिंती नसण्याचा परिणाम धरण्याआधीच निम्म्याहून अधिक गमावलेला असतो. हादऱ्यात वरचे मजले एका पेटीसारखे एकत्र सरकतात आणि सगळे वाकणे तळच्या कॉलमांच्या दोन टोकांवर येऊन पडते. 2002 च्या मानकाने वरच्या मजल्याच्या 70 टक्क्यांहून कमी ताठरपणाच्या मजल्याला मऊ मजला ठरवले होते. 2016 च्या सुधारणेत ती सवलतही गेली. ताठरपणा वरच्यापेक्षा कमी असला, की तो मजला मऊ.

आराखड्याचा तोल हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे, आणि माझ्या मते लहान गावांत तो अधिक दुर्लक्षित आहे. रस्त्यालगतच्या गाळ्याला मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत असते, समोर फक्त शटर. ताठरपणाचे केंद्र मागे सरकते, वजनाचे केंद्र मध्यभागीच राहते आणि इमारत सरळ हलण्याऐवजी मागच्या भिंतीभोवती पिळवटते. सर्वांत जास्त सरकतात ते शटरकडचे कॉलम. त्यात 230 बाय 450 मिलिमीटरचे सगळे कॉलम भिंतीत लपावेत म्हणून एकाच दिशेने लावण्याची पद्धत आहे. अशा कॉलमचा एका दिशेचा ताठरपणा दुसरीच्या जवळजवळ चौपट असतो. ‘एल’ आकाराच्या घरात दोन पाखे वेगवेगळे हलू पाहतात, म्हणून आतल्या कोपऱ्यापासून तडे सुरू होतात. ते दोन आयत मध्ये फट ठेवून वेगळे बांधले तर प्रश्न सुटतो, पण ती फट मसाल्याने भरली की तिचा उपयोग संपतो.

दुसऱ्या क्षेत्रात इतका विचार कशाला, हा आक्षेप बिनबुडाचा नाही. 2016 च्या मानकातला दुसऱ्या क्षेत्राचा गुणांक 0.10 आहे, तिसऱ्याचा 0.16. तिसऱ्यापासून पुढे लागणारी सळयांच्या बांधणीची सक्तीही इथे नाही. माझे म्हणणे नेमके इथेच आहे. सक्ती नसलेल्या ठिकाणी कॉलमच्या टोकांना जवळजवळ रिंगा पडण्याची शाश्वती कमी असते, म्हणून आकाराने मिळणारे संरक्षण अधिक मोलाचे ठरते. शिवाय नकाशा हा त्या वेळच्या माहितीचा हिशेब असतो, हे किल्लारीने दाखवले. आणि धोका नुसता कागदावरचाही नाही: 4 डिसेंबर 2024 ला मुलुगू जिल्ह्यात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली, चंद्रपूरपासून हैदराबादपर्यंत तो जाणवला.

दुसरा आक्षेप पार्किंगचा. अरुंद भूखंडावर गाडी खालीच लागणार, हे मान्य. मग कॉलमच जाड करावेत, असे म्हटले जाते, आणि 2002 च्या मानकातही मोकळ्या मजल्याचे कॉलम अडीचपट बलासाठी योजण्याचा पर्याय होता. त्याने मजबुती वाढते, पण वाकणे त्याच मजल्यावर एकवटायचे थांबेलच असे नाही. याहून बरे म्हणजे काही गाळे बंद करून तिथे पायापासून वर जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती द्याव्यात, दोन्ही दिशांना आणि समोरासमोर. जिन्याची भिंत एकाच कोपऱ्यात दिली, तर मजला ताठ होतो पण पिळवटणे वाढते. नऊ बाय बारा मीटरच्या भूखंडावर बाजूच्या दोन्ही हद्दींवर एकेक आणि मागे व पुढे एकेक अशी छोटी भिंत दिली, तरी दोन गाड्यांना आत यायला वाट उरते. पुढची भिंत जिन्याशेजारी घेतली, की शटरची रुंदी फारशी कमी होत नाही.